थायरॉईडला खोटा हुकूम कोण देतं?

निफाडच्या थंडीबद्दल नाशिककरांना वेगळं सांगायला नको. जानेवारीत एखाद्या पहाटे पारा असा उतरतो, की मणी तडकू नयेत म्हणून बागांमध्ये शेकोट्या पेटवाव्या लागतात. अशाच एका जानेवारीत त्या भागातलं एक बागायतदार जोडपं माझ्याकडे आलं. भाऊंच्या अंगात स्वेटर आणि गळ्यात मफलर. ताईंच्या अंगावर साधी सुती साडी, आणि तरी कपाळाला घाम. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत. आजाराचे बदललेले नाहीत.)

ताईंचं वय ३८. भूक चांगली, उलट वाढलेलीच, तरी चार महिन्यांत वजन ५८ किलोवरून ४९ वर आलेलं. छाती सतत धडधडते, रात्री गोधडी अंगावर सहन होत नाही. घडांची विरळणी करताना कात्री हातात स्थिर राहत नव्हती, म्हणून मजूर बायका चेष्टा करायला लागल्या होत्या. डोळ्यांतून पाणी यायचं आणि सकाळी पापण्या सुजलेल्या असायच्या. फवारणीचं औषध उडालं असेल असं समजून त्यांनी मेडिकलमधून थेंब आणून घातले होते.

त्यांच्या पिशवीत एक रिपोर्ट होता. टीएसएच ०.००८. शेजारी ठळक इंग्रजी ‘एल’, म्हणजे प्रमाणापेक्षा कमी. तो रिपोर्ट पाहून शेजारच्या काकूंनी निदान करून टाकलं होतं: ‘तुझा थायरॉईड कमी झालाय. माझी सकाळची गोळी घे थोडे दिवस.’ ताईंनी ती पंधरा दिवस घेतली. काकूंची गोळी थायरॉक्सिनची, म्हणजे थायरॉईडच्या हार्मोनचीच होती. पूर आलेल्या नदीत धरणाचा आणखी एक दरवाजा उघडावा, तसं ते झालं.

आपल्याकडे ‘थायरॉईड वाढला’, ‘थायरॉईड कमी झाला’ हे शब्द टीएसएचच्या आकड्यावरून वापरले जातात, आणि तिथेच घोळ होतो. टीएसएच थायरॉईडमधून येत नाही. तो मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका ग्रंथीतून येतो, आणि थायरॉईडला ‘हार्मोन बनव’ असा हुकूम देतो. गोदाकाठच्या माणसाला हे चटकन कळेल. पूर किती आला हे आपण दुतोंड्या मारुतीकडे बघून ठरवतो: पाणी गुडघ्याला, कमरेला, छातीला. आता समजा, मारुतीशेजारी एक माणूस बसवलाय. पाणी उतरलं की तो वर गंगापूर धरणावर फोन करतो, ‘सोडा थोडं’. पाणी चढलं की तो गप्प राहतो. हा माणूस म्हणजे पियुषिका, त्याचा फोन म्हणजे टीएसएच, धरण म्हणजे गळ्यातली थायरॉईड ग्रंथी आणि नदीतलं पाणी म्हणजे रक्तातलं थायरॉईड हार्मोन. रिपोर्टात टीएसएच जवळपास शून्य आला, याचा अर्थ त्या माणसाने फोन करणंच बंद केलंय. सहसा याचं कारण एकच असतं: पाणी मारुतीच्या छातीपर्यंत आलंय. ताईंचा फ्री टी-४, म्हणजे हेच रक्तातलं हार्मोन, तपासला तेव्हा तो ४.१ निघाला. तो साधारण ०.८ ते १.८ च्या मध्ये हवा.

म्हणजे फोन बंद, तरीही दरवाजे सताड उघडे. मग दरवाजे उघडतंय कोण?

या प्रश्नाचं उत्तर सापडायला वैद्यकशास्त्राला शंभराहून जास्त वर्षं लागली. डब्लिनच्या रॉबर्ट ग्रेव्हज यांनी १८३५ मध्ये धडधड आणि गळ्याची गाठ असलेल्या बायकांचं वर्णन केलं, १८४० मध्ये जर्मनीत कार्ल फॉन बासेडो यांनी गलगंड, धडधड आणि बाहेर आलेले डोळे अशी तीन लक्षणं एकत्र मांडली. आजाराला ग्रेव्हज हे नाव मिळालं, कारण मिळालं नाही. नंतर टीएसएचचा शोध लागल्यावर सगळ्यांना वाटलं, पियुषिकाच जास्त फोन करत असणार.

१९५६ मध्ये न्यूझीलंडच्या ड्युनेडिनमध्ये ॲडम्स आणि पर्व्हज या दोघांनी ते तपासलं. गिनीपिगच्या थायरॉईडमध्ये त्यांनी किरणोत्सारी आयोडीन साठू दिलं, मग त्याला रुग्णाच्या रक्तातला द्रव टोचला आणि ग्रंथीतून किती आयोडीन बाहेर पडतं ते वेळोवेळी मोजलं. शुद्ध टीएसएच टोचला तर परिणाम दोन-तीन तासांत शिगेला जाऊन ओसरायचा. ग्रेव्हजच्या रुग्णांचं रक्त टोचल्यावर मात्र परिणाम कितीतरी उशिरा चढायचा आणि बराच वेळ टिकायचा. टीएसएच असा वागत नाही. पुढच्या दशकात उलगडा झाला की तो पदार्थ अँटीबॉडी होता. शरीरात जंतूंशी लढायला जी प्रथिनं तयार होतात, त्यांपैकीच एक.

अँटीबॉडीचं नेहमीचं काम कोणाला तरी चिकटून त्याला निकामी करायचं किंवा मारेकऱ्यांसाठी खूण करून ठेवायचं. म्हणूनच शरीर स्वतःवर उलटलं तर सहसा अवयव झिजतो. थायरॉईडचा दुसरा सर्रास दिसणारा आजार, हाशिमोटो, असाच आहे. शेजारच्या काकूंना बहुधा तोच होता. ग्रेव्हजमध्ये उलटं घडतं. इथली अँटीबॉडी थायरॉईडच्या पेशीवरच्या टीएसएचच्या कुलुपात अशी बसते की कुलूप उघडतं. पेशीला वाटतं हुकूम आला.

हे मी ताईंना समजावत होतो तेव्हा भाऊ मध्येच म्हणाले, ‘म्हणजे आमच्या जीएसारखं.’ मी पेन खाली ठेवलं, कारण मला सुचलं नसतं असं ते उदाहरण होतं. थॉम्पसन द्राक्षात बी नावापुरतंच असतं. धड बी असतं तर त्याने जिबरेलिन, म्हणजेच जीए, बनवून मणी फुगवला असता. ती उणीव बागायतदार घड जीएच्या द्रावणात बुडवून भरून काढतो. हुकूम बियांकडून आला की बादलीतून, हे मण्याला कळत नाही. तो लांबतो आणि फुगतो. थायरॉईडचंही तसंच. पेशीत निरोप पोचला की ती रक्तातलं आयोडीन ओढून घेते, हार्मोन बनवते, साठ्यातलं सोडते आणि स्वतः वाढत जाते. ग्रंथीकडे रक्त इतकं धावतं की गळ्यावर स्टेथोस्कोप ठेवला तर कधीकधी घरघर ऐकू येते. ताईंची येत होती.

जीएत आणि यात एक फरक आहे आणि सगळा आजार त्या फरकात आहे. बागायतदार मण्याकडे बघून थांबतो. पियुषिकाही मारुतीकडे बघून थांबते. अँटीबॉडी कशाकडेच बघत नाही. हार्मोन दुप्पट झालं, चौपट झालं, तिला फिकीर नाही. टीएसएच रक्तात तासाभरात निम्मा होतो, आणि या जातीची अँटीबॉडी निम्मी व्हायला साधारण तीन आठवडे घेते. शिवाय ती बनवणाऱ्या पेशी मागे नवीन भर घालतच असतात. कोणाच्या शरीरात त्या असं का करू लागतात, याला काही घराण्यातून आलेला कल कारणीभूत असतो, काही बाळंतपणानंतरचे महिने, काही धूम्रपान. बायकांमध्ये हे पुरुषांपेक्षा पाच ते दहा पट जास्त दिसतं.

आता ही अँटीबॉडी रक्तात मोजता येते. तपासणीचं नाव ट्रॅब. बऱ्याच लॅबमध्ये १.७५ च्या वर गेली की ती आहे असं धरतात. ताईंची १४ आली. ही तपासणी महाग आहे आणि प्रत्येकाला लागतेच असं नाही. डोळे बाहेर आलेले दिसत असतील तर निदान तसंही झालेलं असतं. पण डोळे ठीक असतील तेव्हा तिचा मोठा उपयोग होतो. कारण हार्मोन वाढण्याची आणखी एक तऱ्हा आहे. विषाणूनंतर किंवा बाळंतपणानंतर ग्रंथीला सूज येते आणि साठवलेलं हार्मोन नुसतं गळतं. धरणाचे दरवाजे कोणी उघडलेले नसतात, भिंतीला भेग पडलेली असते. अशा वेळी ट्रॅब नसते, स्कॅनमध्ये ग्रंथी आयोडीन ओढत नाही, आणि उत्पादन थांबवणारी गोळी देऊन काही उपयोग होत नाही, कारण उत्पादन चालूच नसतं. ते काही आठवड्यांत आपोआप थांबतं. बाळंतपणानंतर धडधडणाऱ्या मुलीला घाईघाईने वर्षभराच्या गोळ्या सुरू केलेल्या मी पाहिल्या आहेत, म्हणून हे सांगितलं.

ताईंना आम्ही कार्बिमॅझोल सुरू केलं, दिवसाला ३० मिलिग्रॅम, आणि धडधड व थरथर कमी व्हावी म्हणून प्रोप्रॅनोलॉल. दुसरी गोळी एक-दोन दिवसांत जाणवते. पहिलीला वेळ लागतो, आणि लोक इथे कंटाळतात. कार्बिमॅझोल अँटीबॉडीला हात लावत नाही, हुकूमही थांबवत नाही. ते आयोडीन जोडून हार्मोन तयार करणारं यंत्र अडवतं. पण ग्रंथीत आधीच बनवून ठेवलेला साठा असतो, निरोगी माणसात तो दोनेक महिने पुरेल इतका. नवीन आवक बंद झाली तरी गोदाम रिकामं व्हायला तीन-चार आठवडे ते दोन महिने लागतात.

या गोळीची एक सूचना मी कागदावर मोठ्या अक्षरात लिहून देतो. हजारातल्या दोन ते पाच जणांमध्ये, बहुतेकदा पहिल्या तीन महिन्यांत, ती पांढऱ्या पेशी अचानक घटवते. ताप आला आणि घसा दुखला तर ‘सर्दी असेल’ म्हणून बसायचं नाही. गोळी त्याच दिवशी बंद करायची, त्याच दिवशी पेशींची तपासणी करायची आणि रिपोर्ट बघितल्याशिवाय पुन्हा सुरू करायची नाही.

सहा आठवड्यांनी ताईंचा फ्री टी-४ २.१ वर आला. गोळी २० वर आणली आणि महिन्याने यायला सांगितलं. पण फेब्रुवारी संपत आला की द्राक्षाचा खुडा सुरू होतो. त्या काळात नाशिक जिल्ह्यातला शेतकरी स्वतःच्या लग्नालाही उशिरा जाईल. ताई तीन महिने आल्या नाहीत. मार्चमध्ये त्यांनी गावातल्या लॅबमध्ये फक्त टीएसएच करून घेतला. तो ०.०१ आला, शेजारी तोच ‘एल’. त्यांनी आणि भाऊंनी विचार केला, आजार अजून तसाच आहे, गोळी तशीच चालू ठेवू.

मे महिन्यात आल्या तेव्हा चेहरा जड झालेला, आवाज घोगरा, वजन ५९. दिवसभर झोप यायची. फ्री टी-४ ०.५, म्हणजे आता उलट बाजूला गेलेला. टीएसएच अजूनही ०.०२.

चूक कोणाचीच म्हणता येणार नाही, पण ही चूक अतिशय नेहमीची आहे. मारुतीशेजारचा माणूस इतके महिने पूर बघून बघून इतका गाढ झोपलेला असतो, की पाणी उतरून पात्र कोरडं पडलं तरी त्याला लगेच जाग येत नाही. हार्मोन आटोक्यात आल्यावरही टीएसएच कित्येक आठवडे, कधी महिने, दबलेलाच राहतो. म्हणून उपचाराच्या पहिल्या काही महिन्यांत गोळीचा डोस फ्री टी-४ आणि थायरॉईडचंच दुसरं हार्मोन टी-३ बघून ठरवायचा असतो. नुसता टीएसएच करून पैसे वाचतात खरे, पण त्या वेळी तो शिळी बातमी देतो. ताईंची गोळी आठवडाभर थांबवून ५ मिलिग्रॅमवर आणली, आणि जुलैपर्यंत हार्मोन जागेवर आलं.

डोळे मात्र बिघडले होते.

पहिल्या भेटीत जे डोळे वटारल्यासारखे दिसत होते, त्यात एक भाग हार्मोनचा होता. हार्मोन जास्त असलं की वरच्या पापणीला वर खेचणारा स्नायू ताणलेला राहतो आणि बुबुळाच्या वर पांढरं दिसू लागतं. हार्मोन उतरलं की हा भाग सुधारतो. पण मे महिन्यात ताईंचा उजवा डोळा खरोखरच पुढे आलेला होता, दोन्ही डोळ्यांच्या मागे दुखत होतं, आणि वर बघितलं की एकाचे दोन दिसत होते. बागेत मांडवाखाली उभं राहिलं की घड दुहेरी दिसतात, असं त्या म्हणाल्या.

डोळ्याच्या खोबणीत, चरबीत आणि डोळा हलवणाऱ्या स्नायूंच्या मध्ये, तंतुपेशी असतात. या पेशींवरही टीएसएचचं तेच कुलूप असतं. एरवी त्याला फार महत्त्व नाही. पण रक्तातून फिरणारी अँटीबॉडी तिथेही बसते. त्याच पेशीवर शेजारी आणखी एक कुलूप असतं, वाढीच्या एका हार्मोनचं, ज्याचं नाव आयजीएफ-१. दोन्ही कुलपं जोडीने काम करतात. तंतुपेशी हार्मोन बनवू शकत नाहीत. त्यांना जमतं ते त्या करतात: हायल्युरॉनिक ॲसिड बनवतात. हे नाव तुम्ही चेहऱ्याच्या सीरमच्या जाहिरातीत ऐकलं असेल. त्वचा टवटवीत दिसावी म्हणून तिथे ते विकतात, कारण ते पाणी धरून ठेवतं, सब्जा भिजल्यावर फुगतो तसं. खोबणीत हेच झालं तर स्नायू फुगतात, काही तंतुपेशी चरबीच्या पेशी बनतात, आणि खोबणीला चारी बाजूंनी हाड असतं. मोकळी दिशा एकच, समोरची. डोळा पुढे सरकतो.

डोळा पुढे येणं दिसायला भयंकर असतं, पण त्याने आतला दाब थोडा तरी मोकळा होतो. खरी भीती असते ती डोळा फारसा पुढे न येता सुजलेले स्नायू खोबणीच्या मागच्या अरुंद टोकाशी दृष्टीच्या नसेला चिमटतात, त्याची. असं थोड्याच रुग्णांत होतं, पण झालं तर दिवसांचा हिशोब असतो. घरी ओळखायची एक साधी खूण आहे: एकेक डोळा झाकून कुंकवाच्या करंड्याकडे बघायचं. एका डोळ्याला तांबडा रंग फिका, मळकट दिसला, तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांना गाठायचं. झोपेत पापणी पूर्ण मिटत नसेल आणि डोळा खुपत असेल, तेही थांबवून ठेवण्यासारखं नाही. बुबुळ कोरडं पडून जखम होते. ताईंना दोन्ही डोळ्यांना तांबडं सारखंच दिसत होतं.

डोळ्यांचा आजार स्वतःच्या घड्याळाने चालतो. साधारण सहा महिने ते दोन वर्षं तो पेटलेला असतो: लाली, सूज, दुखणं. नंतर विझतो आणि मागे वण राहतो. स्टेरॉईड पेटलेल्या काळात उपयोगी पडतात. वण झाल्यावर ते निरुपयोगी, मग शस्त्रक्रिया. ताईंना नेत्रतज्ज्ञांशी बोलून शिरेतून मिथाइलप्रेड्निसोलोन दिलं: सहा आठवडे दर आठवड्याला ५०० मिलिग्रॅम, पुढचे सहा आठवडे २५०. त्याआधी साखर आणि यकृत तपासलं, कारण हे औषध दोन्ही बिघडवू शकतं. उशाला जादा उशी घेऊन झोपायचं, कृत्रिम अश्रूंचे थेंब, आणि दुहेरी दिसतंय तोवर गाडी चालवायची नाही. आयजीएफ-१ चं कुलूप बंद करणारं टेप्रोटुमुमॅब नावाचं औषध अमेरिकेत २०२० मध्ये मंजूर झालं. त्याने डोळा मागे जातो, पण काहींची ऐकण्याची शक्ती कमी होते आणि किंमत सामान्य घराच्या हिशोबातली नाही.

हार्मोन दोन्ही दिशांनी बिघडलं की डोळे बिघडायला मदत होते. जास्त असतानाही, आणि ताईंच्या मे महिन्यासारखं कमी पडल्यावरही. त्याहून मोठी मदत सिगारेट-बिडीची होते. सातपूरचे एक रिक्षाचालक मला आठवतात. त्यांनी दुसरीकडे किरणोत्सारी आयोडीन घेतलं होतं. थायरॉईड छान विझला, पण चार महिन्यांत डोळे सुजून बाहेर आले. किरणोत्सारी आयोडीन हा चांगला, जुना उपचार आहे. ग्रंथी ते ओढून घेते आणि आतून जळते. पण मरणाऱ्या पेशींमधून त्यांचे तुकडे रक्तात सांडतात, शरीर आणखी चिडतं, आणि अँटीबॉडी काही महिने उतरण्याऐवजी चढते. म्हणून डोळे पेटलेले असताना तो उपचार टाळतात किंवा सोबत स्टेरॉईड देतात. त्या रिक्षावाल्यांची रोजची पंधरा-वीस सिगारेट कोणी विचारलीच नव्हती.

ऑगस्टमध्ये, गोदावरीला पाणी असताना, ताई पायाचं दुखणं घेऊन आल्या. दुखत नव्हतं खरं तर. दोन्ही नडग्यांच्या पुढच्या बाजूला त्वचा जाड, लालसर-तपकिरी झाली होती, केसांची मुळं खोल गेलेली, संत्र्याच्या सालीसारखी. बोटाने दाबलं तर खळगा पडत नव्हता. बागेतल्या चिखलात गमबूट घालून काम करते, त्याने झालं असेल, असं त्यांचं म्हणणं. गमबूटाचा थोडा हात असूही शकतो, कारण जिथे घासतं आणि जिथे पाणी उतरतं तिथेच हे होतं. पण मूळ कारण तेच. नडगीच्या त्वचेतल्या तंतुपेशी, तीच अँटीबॉडी, तेच हायल्युरॉनिक ॲसिड, तेच धरलेलं पाणी. ग्रेव्हजच्या रुग्णांपैकी शंभरात एखाद-चौघांनाच त्वचेचं हे होतं, आणि ज्यांना होतं त्यांचे डोळे जवळपास नेहमी आधीच बिघडलेले असतात. त्यामुळे नडगीवरचा चट्टा म्हणजे अँटीबॉडी भरपूर आहे याची पाटीच. तीव्र स्टेरॉईडचं मलम रात्री लावून वर प्लास्टिक गुंडाळलं, काही महिन्यांत चट्टे मऊ आणि पातळ झाले. पूर्ण गेले नाहीत.

या दिवसापर्यंत ताईंचा फ्री टी-४ सलग दोन वेळा उत्तम आला होता. भाऊ वैतागून म्हणाले, ‘रिपोर्ट नॉर्मल म्हणता, मग हे नवीन कुठनं उगवलं?’ प्रश्न रास्त होता. आपण गोळीने फक्त धरणाचे दरवाजे दाबून धरले होते. खोटा हुकूम देणारा हात रक्तात फिरतच होता आणि जिथे जिथे ते कुलूप आहे तिथे जाऊन बसत होता.

याचा सगळ्यात विलक्षण पुरावा गरोदरपणात दिसतो. एखाद्या बाईला दहा वर्षांपूर्वी ग्रेव्हज झाला, ग्रंथी शस्त्रक्रियेने काढली, आता ती थायरॉक्सिनची गोळी घेते, सगळे रिपोर्ट सुरेख. तिच्या गळ्यात थायरॉईडच नाही. पण तिच्या रक्तात अँटीबॉडी उरलेली असेल तर ती वार ओलांडून बाळाकडे जाते, आणि बाळाला थायरॉईड असतो. बाळाचे ठोके वाढतात, वजन वाढत नाही. जन्मानंतर आईची अँटीबॉडी संपेपर्यंत, म्हणजे काही आठवडे ते तीन-चार महिने, हे टिकू शकतं. म्हणून गरोदर बाईने ‘माझं थायरॉईडचं ऑपरेशन झालंय’ एवढं सांगून भागत नाही. ते कशासाठी झालं होतं हे सांगायचं, आणि ग्रेव्हजसाठी असेल तर ट्रॅब तपासायची. आणि गर्भधारणेचा विचार असेल तर तो गोळीच्या डॉक्टरांना आधी सांगायचा, कारण कार्बिमॅझोल पहिल्या तीन महिन्यांत बाळात व्यंग आणू शकतं.

गोळीचा नेहमीचा कोर्स बारा ते अठरा महिन्यांचा. या काळात कित्येकांची अँटीबॉडी हळूहळू आपोआप विझते. गोळी बंद करता येते, तरी साधारण निम्म्या लोकांना आजार पुन्हा गाठतो. कोण कुठल्या निम्म्यात आहे हे आधी सांगायला सगळ्यात उपयोगी तपासणी ट्रॅबच. ताईंची अठराव्या महिन्यात केली, पुढच्या वर्षीच्या जुलैत. १४ वरून ४.६ वर आली होती. उतरली होती, पण रेषेच्या वरच होती. गोळी थांबवली असती तर आजार परत येण्याची शक्यताच जास्त.

तीन वाटा होत्या. किरणोत्सारी आयोडीन मी सुचवलं नाही. डोळे नुकते विझले होते. शस्त्रक्रियेने ग्रंथी पूर्ण काढली तर अँटीबॉडीही हळूहळू उतरत जाते, पण मग जन्मभर थायरॉक्सिन, आणि आवाजाची नस व शेजारच्या चार छोट्या ग्रंथी सांभाळणारा सराईत सर्जन हवा. तिसरी वाट, ५ मिलिग्रॅमची एक गोळी आणखी वर्षभर, कदाचित जास्त. इतक्या कमी डोसवर वर्षानुवर्षं राहणारे रुग्ण आहेत.

‘ऑक्टोबर छाटणी तोंडावर आलीय,’ ताई म्हणाल्या, ‘मी गोळीच घेते.’ मग त्यांनी पिशवीतून मार्चमधला तो जुना टीएसएचचा रिपोर्ट काढला आणि विचारलं, पुढच्या वेळी लॅबमध्ये नक्की काय काय सांगायचं ते यावर लिहून द्या. मी लिहिलं: फ्री टी-४, टी-३, टीएसएच दर दोन महिन्यांनी; ट्रॅब पुढच्या जुलैत.